आमच्या घरात सोने किती असावे?

*आमचे घर साखळीजवळ. मी प्राथमिक शिक्षिका, वय 48. हे पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे, आता वेर्ण्याच्या औषध कंपनीत आहेत. घरात मिळून 45 तोळे सोने आहे: सासूबाईंचे 20 तोळे (लाखेच्या पाटल्या, तोडे, चंद्रहार), माझे लग्नातले 18, आणि गेल्या काही वर्षांत घेतलेली 24 कॅरेटची नाणी 7 तोळे. ठेवी, पीएफ आणि म्युच्युअल फंड धरून 48 लाख आहेत. दोन वर्षांत मुलीचे लग्न करायचे आहे, तिला 15 तोळे घालायचे मनात आहे. भाव एवढा चढला तरी हे म्हणतात, अजून घेऊया, खाण बंद पडली तेव्हा सोन्यानेच तारले. भाऊ म्हणतो, अर्धे विकून टाक, नाहीतरी अर्ध्या किलोवर ठेवता येत नाही. सासूबाई म्हणतात, माझे काय ते तुम्हीच बघा. कोणाचे ऐकू? घरात सोने किती असले म्हणजे पुरे?*

नमस्कार. आधी उत्तर देतो: गुंतवणूक म्हणून दहा ते पंधरा टक्के. तुमची नाणी एकटीच तेवढी भरतात. म्हणून यजमानांनी आणखी घेऊ नये, आणि भावाच्या सांगण्यावरून अर्धे विकण्याचेही कारण नाही. पण हे टक्के कशाचे, हे ठरवल्याशिवाय आकड्याला काही अर्थ नाही, आणि बहुतेक घरांचा हिशेब तिथेच चुकतो.

पहिली चूक वजनात होते. 45 तोळे हा आकडा तुम्हाला आठवणीतून मिळाला असणार, काट्यावरून नव्हे. आज पेढीवर तोळा म्हणजे 10 ग्रॅम, पण सासूबाईंच्या लग्नाच्या वेळचा तोळा 11.66 ग्रॅमचा होता. हा फरक तुमच्या फायद्याचा. बाकीचे बहुतेक फरक तोट्याचे आहेत.

सासूबाईंचा ढीग घेऊन बघू. हिशेबापुरता 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 12,000 आणि शुद्ध सोन्याचा 13,100 धरतो. तुम्ही वाचाल त्या दिवशी भाव वेगळा असेल, तो घालून पुन्हा मांडा. घरात असा हिशेब होतो: 200 ग्रॅम गुणिले 12,000, म्हणजे 24 लाख. पण लाखेच्या पाटलीत वर सोन्याचा पत्रा आणि आत लाख असते. काट्यावर लाखही सोन्याच्या बरोबरीने बसते. चंद्रहारात खडे असतील, तोड्यात मळ असेल, सांध्यांवर डाख असेल. लाख आणि खडे मिळून 30 ग्रॅम गेले असे धरा. उरले 170. आता कस. जुन्या काळी शेटने 'बावन्नकशी' म्हणून दिलेले दागिने आज तपासले तर अनेकदा 20 कॅरेटच्या आसपास भरतात. त्यात दर वेळी लबाडीच असते असे नाही. डाखात तांबे-चांदी जास्त घालावी लागायची, आणि दुरुस्तीगणिक डाख वाढत जायचा. 20 कॅरेट म्हणजे 24 पैकी 20 भाग, म्हणून 170 ग्रॅमात शुद्ध सोने सुमारे 142 ग्रॅम. त्याचे साडेअठरा लाख झाले. कागदावरचे साडेपाच लाख लाखेत आणि डाखात गेले.

हे आकडे मी धरलेले आहेत. तुमचे खरे आकडे कळायला एक सकाळ लागेल. बीआयएसची मान्यता असलेल्या तपासणी केंद्रात थोड्या शुल्कात दागिने तपासून मिळतात. मोठ्या पेढ्यांवर मशीन असते, पण त्या मशीनची एक मर्यादा लक्षात ठेवा: ते फक्त पृष्ठभाग वाचते. लाखेच्या पाटलीचा पत्रा 22 कॅरेटचा दाखवील, आतली लाख आणि डाख त्याला दिसत नाही. मशीनवर चांगला आकडा आला म्हणून पूर्ण वजनाला तोच भाव मिळेल असे समजू नका. खरा आकडा वितळवल्यावरच कळतो आणि वितळवलेली पाटली परत होत नाही. म्हणून नुसते मोजायचे असेल तर मशीन पुरे. प्रत्यक्ष मोडायची वेळ येईल तेव्हा आधी एकूण वजन कागदावर लिहून घ्या, समोर उभे राहून वितळवून घ्या, निघालेल्या लगडीचे वजन आणि कस पुन्हा लिहून घ्या, आणि भाव त्यानंतर बोला. 'बाई, आत जाऊन आणतो' म्हणत दागिना पडद्यामागे नेला जात असेल तर पिशवी उचला आणि बाहेर पडा.

तुमच्या लग्नातल्या 18 तोळ्यांचाही असाच हिशेब होईल, फक्त घट कमी. ते सक्तीच्या हॉलमार्कच्या आधीचे आहेत (सक्ती 2021 च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने आली), म्हणून 22 असे गृहीत न धरता 21 धरा आणि मंगळसूत्राचे काळे मणी वजा करा. नाण्यांना हा त्रास नाही. पाकीट फोडले नसेल आणि बिल जपले असेल तर भाव जवळजवळ पूर्ण मिळतो. साधारण नऊ लाख धरा.

आता दुसरी चूक. सगळे सोने एका ओळीत लिहून त्याला 'गुंतवणूक' म्हटले जाते. तुमच्या घरात तीन प्रकारचे सोने आहे आणि तिघांचे काम वेगळे.

तुमच्या 18 तोळ्यांतले तीनेक तोळे अंगावर असतात: मंगळसूत्र, रोजच्या बांगड्या. भाव कितीही होवो, ते विकणार नाही. टक्केवारीत त्याची किंमत शून्य लिहा. ऐकायला विचित्र वाटते, पण जे कधीच मोडायचे नाही ते अडचणीला पैसा म्हणून उभे राहत नाही. तशी वेळ आलीच तर त्याचा विचार त्या दिवशी.

उरलेले 15 तोळे मुलीचे आहेत असे समजा. इथे मात्र तुमची बाजू फार भक्कम आहे. दोन वर्षांनी तुम्हाला 15 तोळे द्यायचे आहेत आणि 15 तोळे आज कपाटात आहेत. भाव दुप्पट झाला तरी तुम्ही द्यायचे तेवढेच, निम्मा झाला तरी तेवढेच. ज्या आईकडे सोने नसून फक्त पैसे आहेत, तिची झोप भावाने उडते. तुमची उडायचे कारण नाही. हे सोने विकणे म्हणजे दोन वर्षांनी तेच परत विकत घेणे, तेही मजुरी आणि तीन टक्के जीएसटी भरून. भावाचा 'अर्धे विक' हा सल्ला इथेच फसतो.

खर्च येतो तो घडणावळीचा. मुलीला आजच्या पद्धतीचे हार-झुमके हवे असतील आणि सगळे मोडून नवे करायचे ठरले, तर 21 कॅरेटच्या 150 ग्रॅमात 22 कॅरेटचे सुमारे 143 ग्रॅम बसतात. त्यावर बारा टक्के मजुरी म्हणजे दोन लाखांच्या वर. पेढीवर जुने देऊन नवे घेतले तर जीएसटी नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो, तो धरून अडीच लाख ओलांडतात. ओळखीच्या शेटकडे तुमचेच सोने देऊन त्यातूनच घडवून घेतले तर कर मजुरीपुरता राहतो, पण मग नव्या दागिन्यावर हॉलमार्क करून देण्याचे आधी ठरवून घ्या. माझे मत विचाराल तर निम्मे दागिने नुसते उजाळून द्या. एक मोठा हार नवा करा आणि बाकीच्यांना पॉलिश. त्यासाठी लाख-दीड लाखाची ठेव दोन वर्षांच्या मुदतीने वेगळी ठेवा. लग्नाच्या सोन्याचा तुमचा खरा खर्च तेवढाच.

म्हणजे तुमचे 18 तोळे यादीतून बाहेर. उरली नाणी आणि सासूबाईंचे.

सासूबाईंचे सोने तुमच्या हिशेबात धरू की नको, यावर मी जरा थांबलो. 'तुम्हीच बघा' हे त्या प्रेमाने म्हणतात, पण पत्रात नणंदेचा किंवा दिराचा उल्लेख नाही आणि गोव्यात हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची संपत्ती दोघांची निम्मी-निम्मी धरली जाते. सासरे वारले असतील आणि तेव्हा वारसांची कोर्टातली वाटणी, म्हणजे इन्व्हेंटरी, झाली नसेल, तर त्यांच्या निम्म्यावर सगळ्या मुलांचा हक्क आजही उभा आहे. लग्नात दिलेल्या काही दागिन्यांना कायदा वेगळे मानतो, पण कुठले त्यात बसतात हे वकिलाला दाखवूनच ठरेल. सासूबाईंनाही आपल्या वाट्यातला निम्माच भाग मृत्युपत्राने हव्या त्याला देता येतो, उरलेला निम्मा वारसांचा, आणि त्यात मुलगी मुलाइतकीच. तेव्हा त्यांच्या हयातीत हे सोने त्यांचे माना. त्यांच्या आजारपणाचा, दवाखान्याचा आधार म्हणून ते राहू द्या. त्यांच्या संमतीने वाटप करायचे असेल तर नणंद, दीर असतील त्यांना बसवून, वजनाच्या यादीसह करा.

तसे धरले तर तुम्हा दोघांची गुंतवणूक अशी: 48 लाख ठेवी-पीएफ-फंड, अधिक नऊ लाखांची नाणी, एकूण 57. त्यात सोने सोळा टक्के. पुरे झाले, किंचित जास्तच. उद्या सासूबाईंचे सगळे साडेअठरा लाख तुमच्याकडेच आले असे समजले तर साडेसत्तावीस लाख सोने, एकूण साडेपंचाहत्तर, म्हणजे छत्तीस टक्के. तेव्हा मात्र कमी करावे लागेल, आणि कमी करायचे ते लाखेच्या पाटल्यांपासून. त्यात सोने कमी, जपणूक जास्त, आणि दर दुरुस्तीला कस उतरत जातो.

घर आणि माडांचे भाट या बेरजेत घालू नका. घातले तर कोणाच्याही घरातले सोने चार-पाच टक्के दिसते आणि 'अजून घ्यायला जागा आहे' असे वाटते. राहते घर विकायचे नसते, आणि सात जणांची नावे असलेले भाट विकता येत नाही.

दहा-पंधराच का? यजमानांच्या अनुभवावरूनच सांगतो, कारण तो खोटा नाही, अर्धा आहे. 2012 च्या सप्टेंबरमध्ये खाणी बंद झाल्या. डिचोली-सत्तरीत ट्रकचे हप्ते थकले आणि घरातले सोने गहाण गेले. त्या वेळी सोने हाताशी होते, दोन दिवसांत पैसे मिळाले, हे खरे. जमीन किंवा ट्रक एवढ्या लवकर पैसे देत नाही. सोने घरात असण्याचे सर्वांत चांगले कारण हेच. पण पुढचे बघा. तेव्हा दहा ग्रॅमला 31-32 हजार भाव होता. 2013 च्या एप्रिलमध्ये तो काही दिवसांत कोसळून 26 हजारांच्या आसपास आला, आणि 2018 संपले तरी भाव पुन्हा 31-32 हजारांच्याच घरात होता. सहा वर्षे. त्याच काळात आठ टक्क्यांच्या साध्या ठेवीत एक लाखाचे सुमारे 1 लाख 59 हजार झाले असते. ज्यांची सगळी पुंजी सोन्यात होती, त्यांनी भाव पडल्यावर गहाण सोडवायला खिशातून पैसे घातले किंवा दागिना लिलावात घालवला.

बाहेरच्या बाजारात तर याहून लांब दुष्काळ पडला आहे. 1980 च्या जानेवारीत औंसाला 850 डॉलर झालेले सोने तो आकडा पुन्हा 2008 मध्ये गाठू शकले. मधली अठ्ठावीस वर्षे आपल्याला तेवढी बोचली नाहीत, कारण रुपया डॉलरसमोर घसरत गेला आणि इथला भाव वर राहिला. सोन्याचे दुसरे खरे काम हे आहे: रुपया उतरतो, शेअर बाजार आपटतो, तेव्हा ते बहुधा उलट्या दिशेला जाते. 2020 मध्ये हे दिसले. पण ते व्याज देत नाही, भाडे देत नाही. वाढ फक्त भावाची.

म्हणून प्रमाण असे हवे की चढले तर घराला जाणवेल आणि पडले तर घर हलणार नाही. सोने तीस टक्के पडले असे धरा. सोळा टक्के असेल तर तुमच्या पुंजीचे पाच टक्के जातात. वर्ष-दीड वर्षात भरून येतील. निम्मी पुंजी सोन्यात असेल तर पंधरा टक्के जातात, तेही मुलीच्या लग्नाच्या आणि तुमच्या निवृत्तीच्या मधल्या काळात. पाच टक्क्यांहून कमी ठेवले तर मात्र ते असून नसल्यासारखे.

आणखी एक गोष्ट यजमानांना दाखवा. भाव वाढला की प्रमाण आपोआप वाढते, काही न घेता. तीन वर्षांपूर्वी भाव आजच्या निम्म्याहून कमी होता तेव्हा हीच नाणी तुमच्या पुंजीत नऊ-दहा टक्के असतील. आज ती सोळा आहेत. भाव चढला म्हणून आणखी घेणे म्हणजे जे आधीच वाढले आहे त्यातच पुन्हा भर. वर्षातून एकदा, मार्चमध्ये पगाराचे कागद काढाल तेव्हा, ही बेरीज करा. वीस टक्क्यांच्या वर गेले तर एक-दोन नाणी विकून पैसे ठेवीत टाका. दहाच्या खाली आले तर घ्या.

घ्यायची वेळ आलीच तर नाणे नको. बँक नाणे विकते, परत घेत नाही. पेढीवर विकायला गेलात तर भरलेला जीएसटी गेलाच, वर थोडी कपातही होते. डीमॅट खाते असेल तर गोल्ड ईटीएफ, नसेल तर त्याच सोन्यात गुंतवणारा म्युच्युअल फंड. खर्च वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का, लॉकर लागत नाही, विकल्यावर पैसे खात्यात. सरकारचे सुवर्णरोखे याहून चांगले होते, कारण वर अडीच टक्के व्याज मिळायचे, पण 2024 च्या फेब्रुवारीनंतर नवे आलेले नाहीत. मोबाइलवर शंभर रुपयांत मिळते ते 'डिजिटल गोल्ड' सेबीच्या नियमांखाली येत नाही. तिकडे जाऊ नका. ईटीएफची एक उणीव आहे: त्यावर सोनेतारण कर्ज मिळत नाही, ते दागिन्यांवर किंवा नाण्यांवरच मिळते. यजमानांना खाणीची आठवण आहे, म्हणून सगळी नाणी ईटीएफमध्ये बदला असे मी सांगणार नाही. तीन-चार तोळे नाणी तारणापुरती ठेवा.

भावाचा 'अर्धा किलो' हा गैरसमज आहे. प्राप्तिकर खात्याची 1994 ची एक सूचना अशी आहे की झडतीत विवाहित स्त्रीचे 500, अविवाहित स्त्रीचे 250 आणि पुरुषाचे 100 ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. ती जप्तीची मर्यादा, बाळगण्याची नव्हे. बिल, वारसा किंवा लग्नातली भेट दाखवता आली तर कितीही ठेवता येते.

पुढे कधी नाणी विकाल तेव्हा कराचे एवढे बघा. घेऊन दोन वर्षे उलटलेली नाणी विकली तर नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, त्यामुळे खरेदीची बिले शोधून एका लिफाफ्यात ठेवा. आणि गोव्याच्या दिवाणी कायद्याखालच्या जोडप्यांसाठी पगार सोडून इतर उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे-निम्मे वाटून दाखवावे लागते, त्यात हा नफाही येतो. तो एकट्याच्या नावावर दाखवला तर नंतर नोटीस येऊ शकते. तुमचा कर सल्लागार राज्याबाहेरचा असेल तर ही तरतूद त्याला आठवण करून द्या, गोव्याबाहेर ती फारशी कोणाच्या ध्यानात नसते.